११८ पानांची पटकथा, सहा भाग: कुठे थांबायचं ते कसं ठरवावं

माझी पटकथा ११८ पानांची होती आणि ती सिनेमा म्हणून लिहिलेली होती. तिची सहा भागांची वेबसिरीज करायचं ठरलं, तेव्हा मी सरळ भागाकार केला आणि दर वीस पानांवर रेघ मारली. मग प्रत्येक रेघेपाशी काय चाललंय ते वाचलं. दुसरा भाग हळदीच्या मांडवात बेंजो चालू असताना तुटत होता. चौथा भाग रिक्षात संपत होता, घणसोलीहून ऐरोलीला जाताना. तिथे थांबायला काही कारण नव्हतं, त्यामुळे पुढचा भाग लावायलाही नव्हतं. त्यानंतर अडीच महिने मी ती पटकथा उसवून पुन्हा शिवली. ते काम कोणत्या क्रमाने केलं, ते त्याच पटकथेच्या आधाराने सांगतो.

गोष्ट थोडक्यात अशी. घणसोली गावातलं आगरी कुटुंब. नवी मुंबई वसवताना सिडकोने शेतजमीन घेतली आणि तिच्या बदल्यात साडेबारा टक्के योजनेतून भूखंड मिळाला. वडील २००९ साली गेले. मुलगी संगीता लग्नानंतर ऐरोलीला राहते. भाऊ रमाकांत, वहिनी सुनंदा आणि आई गावातल्या घरात. भाच्याच्या साखरपुड्यात एक शेजारीण संगीताला सहज म्हणते, "तू तर हक्क सोडलास ना गो?" संगीताने असं काही केलेलंच नाही. पण २०११ सालचं नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र आहे आणि त्यावर तिचं नाव आहे. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात त्या दिवशी संगीता म्हणून कोण बसलं, हा सिनेमाचा प्रश्न होता. उत्तर ८८व्या पानावर होतं: जी वहिनी या सगळ्या भांडणात तिच्या बाजूने उभी आहे, तीच.

आधी घड्याळ लावून मोठ्याने वाचा

एक पान म्हणजे पडद्यावर एक मिनिट, हा हिशेब इंग्रजी पटकथेच्या ठरावीक टाइपावर आणि ठरावीक समासांवर बसवलेला आहे. देवनागरीत अक्षराचा आकार, ओळींमधलं अंतर, सगळंच बदलतं. एकच सीन एका फॉण्टमध्ये दोन पानं होतो आणि दुसऱ्यात पावणेतीन. म्हणून पानांवर विसंबू नका. दोघाचौघांना बसवून पूर्ण पटकथा मोठ्याने वाचा, कृतीच्या ओळी कृतीच्या वेगाने वाचा, मुकाट क्षणांना खरंच थांबा, आणि प्रत्येक सीनच्या कडेला मिनिटं लिहा. माझी ११८ पानं १२४ मिनिटांची निघाली.

भाग किती लांबीचा हवा, हे बघणारा तो कुठे बघणार यावर मी ठरवलं. आमच्याकडे ठाणे-वाशी लोकलमध्ये कानात इअरफोन घालून बसलेली माणसं रोज दिसतात आणि तो प्रवास साधारण अर्ध्या तासाचा आहे. त्यामुळे भाग २१ ते २६ मिनिटांचा ठेवला. सगळे भाग सारख्याच लांबीचे असायला हवेत, हा टीव्हीच्या वेळापत्रकाचा नियम आहे. वेबसिरीजमध्ये चार-पाच मिनिटं कमी-जास्त झाली तरी चालतं, आणि या मोकळिकीचा पुढे फार उपयोग होतो, कारण गोष्ट जिथे वळते तिथे थांबता येतं.

कार्डं, आणि प्रत्येक कार्डावर दोनच ओळी

७१ सीन होते, म्हणून ७१ कार्डं केली. कार्डावर सीनचा सारांश लिहिला नाही, कारण सारांश लिहिला की प्रत्येक सीन महत्त्वाचा वाटू लागतो. पहिल्या ओळीत लिहिलं: या सीनमध्ये कोणाला काय नव्याने कळलं. दुसऱ्या ओळीत: यानंतर काय परत घेता येणार नाही. संगीता भावाला सगळ्यांसमोर "चोर" म्हणते, हे परत घेता येत नाही. ती त्याच्यावर मनातल्या मनात चिडते, हे घेता येतं.

१९ कार्डांच्या दोन्ही ओळी कोऱ्या राहिल्या. त्यातली बरीच गळणार हे उघड होतं, पण सगळीच काढू नका. आई अंगणात सुका जवळा निवडते आणि संगीता न बोलता तिच्या शेजारी बसते, हा सीन कोरा असूनही मी ठेवला. पाचव्या भागात आईबद्दल जे कळतं त्याचं वजन याच सीनमुळे पडतं, आणि हे मला कार्डं भिंतीवर लावल्यावरच दिसलं.

प्रश्नांची वही

सगळ्या कामात मला सर्वात जास्त उपयोग या पायरीचा झाला. वहीच्या एका पानावर तीन रकाने आखा: बघणाऱ्याच्या मनात उभा राहणारा प्रश्न, तो उभा राहतो ते पान, आणि त्याचं उत्तर मिळतं ते पान. पात्रांचे प्रश्न लिहू नका, बघणाऱ्याचे लिहा. "संगीताला न्याय मिळेल का" असला मोठा, धूसर प्रश्नही नको. कोणी बाजूला बसून कुजबुजत विचारेल तसा प्रश्न लिहा: सही कोणाची? भावाला माहीत होतं का? वहिनी त्या दिवशी बँकेत काय करत होती?

माझ्या वहीत २३ प्रश्न निघाले आणि दोष लगेच दिसला. ८ ते ३० या पानांत अकरा प्रश्न उभे राहत होते. ८५ ते ११० या पानांत नऊ उत्तरं मिळत होती. मधल्या पंचावन्न पानांत फक्त दोन प्रश्न मिटत होते, तेही किरकोळ. सिनेमात हे खपतं. माणूस तिकीट काढून अंधारात बसलेला असतो, मध्यंतरानंतर सगळं कळणार याची त्याला खात्री असते, आणि सहसा तो उठून जात नाही. घरी किंवा गाडीत बघणाऱ्याला दर वीस मिनिटांनी उठायची मुभा मिळते. मधले तीन भाग त्याला फक्त "थांब, सांगतो" म्हणत राहिले, तर तिसऱ्यांदा तो थांबत नाही.

इथे माझा एक समज पार बदलला. भागाचा शेवट म्हणजे काहीतरी झाकून ठेवणं, असं मी धरून चाललो होतो. दार वाजतं, चेहरा दाखवायचा नाही, आणि भाग संपला. वही समोर ठेवून बघितलं तेव्हा लक्षात आलं, की मला प्रत्येक भागाच्या शेवटी उत्तर द्यायला हवं, आणि त्या उत्तरातून आधीपेक्षा मोठा प्रश्न बाहेर पडायला हवा. झाकलेल्या चेहऱ्याचं कुतूहल दोन मिनिटं टिकतं. चेहरा वहिनीचा आहे हे कळल्यावर "ती मग इतके दिवस हिच्यासोबत का फिरतेय" हा प्रश्न आठवडाभर टिकतो.

शेवट आधी ठरवा, भाग नंतर भरा

वहीतली उत्तरं एकेक करून तपासा. दोन चाचण्या लावा. पहिली: हे कळल्यावर मुख्य पात्र उद्या सकाळी आजच्यासारखं वागू शकेल का? वागू शकत असेल तर तो शेवट नव्हे. दुसरी: यातून निघणारा पुढचा प्रश्न एका साध्या वाक्यात बोलता येतो का? सगळे भाग एकाच दिवशी येणार असतील तर दुसऱ्या चाचणीत थोडी सूट मिळते, कारण पुढचा भाग काही सेकंदांत आपोआप सुरू होतो. आठवड्याला एक भाग येणार असेल तर मात्र तो प्रश्न माणसाला सात दिवस लक्षात राहायला हवा. गुंतागुंतीचा प्रश्न तितके दिवस राहत नाही.

माझे शेवट असे ठरले. पहिल्या भागाचा शेवट: संगीताला सूची क्रमांक दोनचा उतारा मिळतो. दस्ताची नोंद खरी आहे आणि त्यात तिचं नाव आहे. शेजारीण खरं बोलली का, याचं उत्तर मिळालं. आता प्रश्न, हे केलं कोणी. दुसऱ्याचा शेवट: रमाकांत तिला म्हणतो, "मी तिथे नव्हतोच. त्या दिवशी मी हॉस्पिटलात होतो," आणि कागद दाखवतो. आतापर्यंत बघणाऱ्याने ज्याला गुन्हेगार धरलं होतं तो सुटतो आणि कोडं घराच्या आणखी आत जातं.

तिसरा शेवट म्हणजे वहिनीचा चेहरा. तो सिनेमात ८८व्या पानावर होता. मी तो मालिकेच्या बरोब्बर मध्यावर आणला. सूची क्रमांक दोनमध्ये फक्त व्यवहाराचा गोषवारा असतो, फोटो नसतात. पूर्ण दस्ताच्या प्रमाणित प्रतीत मात्र हजर राहिलेल्यांचे फोटो आणि अंगठ्याचे ठसे असतात. सिनेमात संगीता ती प्रत शेवटाकडे मागवते. मी तिला त्या प्रतीसाठी दुसऱ्याच भागात अर्ज करायला लावलं. त्यासाठी कुठलाही योगायोग घुसवावा लागला नाही. शहाण्या बाईने आधी जे करायला हवं तेच ती आता लवकर करते.

तुमच्याही पटकथेत हे करून बघा. जे रहस्य तुम्ही शेवटासाठी राखून ठेवलंय ते मध्यावर आणा. भीती वाटते की मग शेवटाला काय उरणार. मलाही वाटली, आणि तीन दिवस मी ते कार्ड हलवलं नाही. हलवल्यावर चौथा भाग आपोआप उभा राहिला: संगीताला माहीत आहे, वहिनीला माहीत नाही की हिला माहीत आहे, आणि दोघींना हळदीच्या रात्री एकाच मांडवात हसत वावरायचंय. सिनेमात हळदीचा सीन नुसती रोषणाई होती. आता त्यात वहिनी संगीताला हळद लावायला हात पुढे करते आणि तो हात बघवत नाही. एक शब्दही बदलावा लागला नाही. फक्त बघणाऱ्याला आधी काय माहीत आहे ते बदललं.

चौथ्याचा शेवट: वहिनी स्वतःच कबूल होते, पण म्हणते, "मी एकटी गेले नव्हते." पाचव्याचा शेवट मला वहीने दिला. नोंदणीच्या वेळी लिहून देणाऱ्याची ओळख पटवणारे साक्षीदार लागतात. सिनेमात ९३व्या पानावर वकील एका ओळीत म्हणतो, की ओळख पटवणाऱ्यांत आईही होती, आणि गोष्ट पुढे सरकते. मी वर्षभर ती ओळ वाचत होतो. "ही माझी मुलगी आहे," असं दुसऱ्याच बाईकडे बोट दाखवून आई सांगून आली, हा या गोष्टीचा सगळ्यात खोल घाव आहे आणि तो मी माहितीच्या वाक्यात पुरला होता. अशा पुरलेल्या ओळी शोधण्यासाठी वकील, डॉक्टर, पोलीस यांचे संवाद पुन्हा वाचा. लेखक घाईत असला की मोठी गोष्ट त्यांच्या तोंडून उरकून घेतो.

मग भाग भरा

शेवट पक्के झाल्यावर प्रत्येक भागाला एक छोटं, त्याच भागात सुरू होऊन संपणारं काम द्या. नाहीतर तो भाग पुढच्या भागाकडे जायचा पूल एवढाच राहतो. दुसऱ्या भागात संगीताला फक्त एक करायचंय: नवऱ्याला कळू न देता प्रतीसाठी अर्ज करायचा. आधी सुट्टी मिळत नाही, मग दस्त क्रमांक चुकतो, मग नवरा अचानक घरी येतो. भाग संपेपर्यंत अर्ज दिला जातो. बघणाऱ्याला काहीतरी पुरं झाल्याचं समाधान मिळतं आणि त्याच्या वरून भावाचा धक्का बसतो. अतृप्त ठेवून दमवणं आणि तृप्त करून पुढे ओढणं, यात पुष्कळ अंतर आहे.

या भरण्यात जुन्या ११८ पानांतली ९६ राहिली, २२ गळली आणि ३९ नवी लिहावी लागली. एकूण १३५. नवीन पानं बहुतेक वहिनी आणि आईची होती, कारण सिनेमात त्या दोघी संगीताच्या नजरेतूनच दिसत होत्या. नवी पानं लिहिताना ठिकाणं वाढवू नका. प्रत्येक नवं ठिकाण म्हणजे परवानगी, प्रवास आणि बहुधा अख्खा दिवस. माझे ३९पैकी ३१ पानांचे सीन आधीच असलेल्या घरात, अंगणात आणि ऐरोलीच्या फ्लॅटमध्ये बसले.

एक मर्यादाही सांगायला हवी. हे सगळं कागदावर असेपर्यंतच शक्य आहे. सिनेमा चित्रित होऊन गेला असेल तर ८८व्या पानावरचं सत्य मध्यावर आणता येत नाही, कारण त्यानंतरच्या प्रत्येक शॉटमध्ये नटांनी ते माहीत नसल्यासारखं काम केलेलं असतं. तसंच एका रात्रीत, एका खोलीत घडणारी गोष्ट सहसा तुकडे सोसत नाही. तिचा जोर सलगपणात असतो. ती सिनेमाच राहू द्या.

शेवटची दोन पानं

शेवट कोणता हे ठरलं तरी तो कुठल्या ओळीवर तोडायचा हे उरतं. माझी पद्धत अशी: सत्य दिसू द्या, प्रतिक्रिया सुरू होऊ द्या, ती पूर्ण होण्याआधी तोडा. रोजच्या मालिकेत प्रत्येकाच्या चेहऱ्यावर कॅमेरा जातो, संगीत वाढतं, म्हणजे प्रतिक्रिया वाटून वाटून संपवली जाते. मग पुढे बघायला काय राहिलं? तिसऱ्या भागाचा माझा पहिला खर्डा असा होता:

संगीता फोटो बघते. तिला धक्का बसतो. "वहिनी! तू?" ती रडू लागते. फोन वाजतो. वहिनीचा फोन. ती उचलत नाही.

दुसरा असा झाला:

संगीता प्रतीची पानं उलटते. फोटोचं पान. ती थांबते, चष्मा पुसते, परत बघते. फोन वाजतो: "सुनंदा वहिनी". ती उचलते. वहिनीचा आवाज: "मिळाली का गं प्रत? कोण आहे?" संगीता: "अजून नाही मिळाली."

पहिल्यात सगळं सांगून झालंय. दुसऱ्यात संगीता गोष्टीत पहिल्यांदाच खोटं बोलते. धक्क्यासोबत तिचा निर्णय आला आणि पुढचा भाग त्या निर्णयावर उभा आहे. पात्राला धक्का बसणं यापेक्षा धक्का बसून पात्राने काहीतरी करणं जास्त ओढून नेतं, म्हणून शक्य असेल तिथे शेवटची ओळ कृतीची ठेवा. पण सहाही शेवट एकाच घाटाचे झाले तर बघणारा तिसऱ्यापासून ओळखू लागतो. माझे पहिला आणि तिसरा दोन्ही कागद बघण्यावर होते, म्हणून पहिल्यात उतारा संगीता स्वतः वाचत नाही. ऐरोलीचा झेरॉक्सवाला पोरगा कोरड्या आवाजात तिचं नाव वाचून दाखवतो.

पुढच्या भागाची पहिली दोन मिनिटं

शेवटाने दिलेला शब्द पुढच्या भागाने लगेच पाळायचा असतो. भागाच्या शेवटी कोणावर गाडी येते आणि पुढच्या भागात ती शेजारून निघून जाते, ही फसवणूक बघणारा एकदा माफ करतो; त्यानंतर तुमच्या कुठल्याच शेवटावर विश्वास ठेवत नाही. चाचणी सोपी आहे. शेवटचं पान आणि पुढच्या भागाचं पहिलं पान जोडून सलग वाचा. धोका नुसता विरून जात असेल, तर शेवट खोटा आहे आणि तो बदलायला हवा.

पण शब्द पाळणं म्हणजे त्याच क्षणापासून सुरू करणंही नव्हे. चौथा भाग मी गोष्टीत सहा दिवस पुढे जाऊन सुरू केला. हळदीची तयारी चाललीय, संगीता वहिनीबरोबर बाजारात पिशव्या उचलतेय. काही बोलणं नाही. तरी पहिल्याच मिनिटाला कळतं, की ती ते खोटं अजून निभावतेय.

अनोळखी कानांवर घासून बघा

शेवटची पायरी म्हणजे वाचन, आणि ते एका बैठकीत करू नका. मी ठाण्यात नौपाड्यातल्या एका मैत्रिणीच्या घरी पाच जणांना बोलावून फक्त पहिला भाग वाचला आणि चहा होऊन सगळे घरी गेले. "आवडलं का" हे विचारलंच नाही, कारण समोरासमोर माणसं चांगलंच बोलतात. चार दिवसांनी प्रत्येकाला फोन करून एकच विचारलं: "काय झालं होतं, आणि आता काय व्हायचंय?" पहिल्या भागानंतर पाचातल्या चौघांनी प्रश्न बरोबर सांगितला. दुसऱ्यानंतर दोघांनीच. तिघांना भाऊ हॉस्पिटलात होता एवढं आठवत होतं, पण त्याने काय फरक पडतो ते नाही. म्हणजे भाग संपेपर्यंत भावावरचा संशय पुरेसा घट्ट झालाच नव्हता. मी शेवटाला हात लावला नाही. त्याच भागात अकरा मिनिटं आधी एक सीन घातला, ज्यात संगीताला भावाच्या कपाटात भूखंडाच्या वाटपपत्राची प्रत सापडते आणि तो ती हिसकावून घेतो. शेवट पडला तर दुखणं बहुतेक वेळा शेवटात नसतं, दहा-पंधरा मिनिटं आधी असतं.

पाचव्या भागाचं वाचन झालं तेव्हा आईच्या नावापाशी मी थांबलो आणि कागद मिटला. कोपऱ्यात बसलेली मैत्रिणीची आई, जी आधीच्या चारही वाचनांत स्वयंपाकघरातून ये-जा करत होती, तिथेच बसून राहिली आणि म्हणाली, "सहावा आत्ताच वाच."